सलग पंधरा वेळा छापा

म्युच्युअल फंडाचं कुठलंही अ‍ॅप उघडा. फंडांची यादी येते आणि ती बहुतेक वेळा मागच्या तीन किंवा पाच वर्षांच्या परताव्यानुसार लावलेली असते. सगळ्यांत वर जो असेल त्याच्यावर आपलं बोट जातं. घरात पहिली एसआयपी सुरू करणाऱ्या मुलामुलींचं तर हमखास. यामागचा विचार साधा आहे: ज्यानं पाच वर्षं बाजाराला हरवलं, तो सहाव्या वर्षीही हरवेल. या महिन्यात आपण हाच विचार तपासून बघू. त्यासाठी एका माणसाची गोष्ट घेऊ, ज्यानं पाच नव्हे, ओळीनं पंधरा वर्षं बाजाराला मागे टाकलं.

त्याआधी ‘बाजाराला हरवणं’ इतकं कठीण का मानतात ते बघू. अवकाळी पावसानं चाळीतला कांदा सडल्याची बातमी आपण सकाळी पेपरात वाचतो आणि मनात येतं, आता कांदा महागणार, चार किलो जास्त घेऊन ठेवू. पण लासलगावच्या व्यापाऱ्याला ते आपल्या आधीच कळलेलं असतं. त्यानं चढा भाव बोलून माल घेतलेला असतो. म्हणजे आपण पिशवी घेऊन निघेपर्यंत ती बातमी भावात शिरलेली असते. शेअर बाजारात हेच घडतं, फक्त फार वेगानं. हजारो शिकलेली, हुशार माणसं दिवसभर एकाच कंपनीचे आकडे चाळत असतात. कुणाला शेअर स्वस्त वाटला की तो विकत घेतो, आणि त्या खरेदीनंच तो शेअर महाग होतो.

शिकागो विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ यूजीन फामा यांनी १९७० साली ही कल्पना नीट मांडली. तिला कार्यक्षम बाजाराची कल्पना म्हणतात. तिचा अर्थ ‘भाव नेहमी बरोबर असतो’ असा नाही. भाव चुकतो, पण तो कुठल्या बाजूला चुकला आहे हे उघड माहितीवरून कुणालाही सातत्यानं ओळखता येत नाही, एवढंच ती सांगते. या कामासाठी फामांना २०१३ मध्ये नोबेल मिळालं. गंमत अशी की त्याच वर्षी ते रॉबर्ट शिलर यांनाही विभागून मिळालं, आणि शिलर यांनी दाखवून दिलं होतं की भाव कंपन्यांच्या कमाईच्या मानानं फारच वरखाली होतात. म्हणजे वाद अजून मिटलेला नाही.

फामांच्या त्या लेखाच्या दोन वर्षं आधी मायकल जेन्सन यांनी अमेरिकेतले ११५ फंड घेऊन १९४५ ते १९६४ या काळातली त्यांची कामगिरी मोजली होती. फंडानं जितकी जोखीम घेतली, तितक्या जोखमीला बाजारानं किती दिलं असतं, याच्याशी त्यांनी तुलना केली. खर्च वजा जाता हे फंड सरासरीनं वर्षाला सुमारे १.१ टक्क्यानं मागे पडले होते. ही झाली सरासरी. पण आपल्याला सरासरी फंड कुठे घ्यायचा असतो? आपल्याला सगळ्यांत चांगला हवा असतो. म्हणून आता त्या सगळ्यांत चांगल्याकडे वळू.

त्याचं नाव बिल मिलर. बाल्टिमोरच्या लेग मेसन या कंपनीचा ‘व्हॅल्यू ट्रस्ट’ नावाचा फंड तो सांभाळायचा. १९९१ पासून २००५ पर्यंत, प्रत्येक कॅलेंडर वर्षात, खर्च वजा करूनही या फंडानं एस अँड पी ५०० या अमेरिकेच्या मुख्य निर्देशांकापेक्षा जास्त परतावा दिला. पंधरापैकी पंधरा. त्या काळातला दुसरा कुठलाही मोठा फंड याच्या जवळपासही नव्हता. मिलरची पद्धतही विचारपूर्वक होती. एखाद्या शेअरवर सगळे रागावले, भाव कोसळला, की तो त्या धंद्याचा बारकाईनं अभ्यास करून तो शेअर घ्यायचा, आणि भाव आणखी पडला तर आणखी घ्यायचा. फंडात मोजक्याच कंपन्या ठेवायचा. नव्वदच्या सुरुवातीला अमेरिकन बँकांवर संकट आलं तेव्हा त्यानं बँका घेतल्या. पुढे डेल, एओएल आणि अ‍ॅमेझॉन इतर ‘व्हॅल्यू’वाल्यांनी हात लावायच्या आधी घेतले.

आता प्रश्न असा: हे कौशल्य की नशीब?

सोपा हिशोब आधी करू. समजा प्रत्येक फंड मॅनेजर दरवर्षी नाणं उडवतो. छापा पडला तर तो बाजाराच्या पुढे, काटा पडला तर मागे. ओळीनं पंधरा छापे पडण्याची शक्यता ३२,७६८ मध्ये एक. इतकी दुर्मीळ गोष्ट घडली म्हणजे नशीब नव्हेच, असं वाटतं. त्या काळात बऱ्याच जणांनी हाच आकडा पुढे केला होता.

पण हा आकडा एका वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘बिल मिलर नावाचा ठरावीक माणूस, १९९१ पासूनच सुरू करून, सलग पंधरा छापे पाडेल का’ याचं ते उत्तर. आपण मात्र १९९० मध्ये बसून मिलरवर बोट ठेवलेलं नव्हतं. मालिका घडून गेल्यावर आपण त्याच्याकडे वळलो. दुसऱ्या कुणी, दुसऱ्या कुठल्या वर्षांत ती केली असती, तर हा लेख त्याच्यावर लिहिला गेला असता. तेव्हा खरा प्रश्न असा: पुष्कळ माणसं पुष्कळ वर्षं नाणी उडवत असताना, कुणाकडून तरी, कधी तरी, अशी मालिका होण्याची शक्यता किती?

चाळीस वर्षांचा काळ घेऊ. पंधरा वर्षांची मालिका पहिल्या वर्षापासून ते सव्विसाव्या वर्षापर्यंत कधीही सुरू होऊ शकते. पहिल्याच वर्षी सुरू झाली तर शक्यता ३२,७६८ मध्ये १. नंतरच्या पंचवीस वर्षांपैकी एखाद्या वर्षी नव्यानं सुरू व्हायची असेल, तर तिच्या आदल्या वर्षी काटा पडलेला हवा, म्हणून प्रत्येकाची शक्यता त्याच्या निम्मी. बेरीज केली तर ३२,७६८ मध्ये साडेतेरा. म्हणजे एका माणसाला चाळीस वर्षांत कधी तरी अशी मालिका मिळण्याची शक्यता साधारण २,४०० मध्ये एक. आता नाणी उडवणारी माणसं हजार असतील, तर त्यांतल्या निदान एकाला ती मिळण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के होते. माणसं तीन हजार असतील तर सुमारे ७१ टक्के. अमेरिकेत शेअर फंडांची संख्या पुढे काही हजारांवर गेली. म्हणजे कुणालाही काहीही कळत नसतं, तरी एखादा ‘बिल मिलर’ निघाला असता, आणि आपण त्याची पद्धत समजावून सांगणारी पुस्तकं वाचली असती.

झालं तर मग, सगळं नशीबच? इतक्या लवकर नको. या हिशोबातही एक गृहीत लपलं आहे: छापा आणि काटा यांची शक्यता निम्मी-निम्मी. प्रत्यक्षात फंडाला खर्च असतो, त्यामुळे एखाद्या वर्षी निर्देशांकाच्या पुढे राहणाऱ्या फंडांची संख्या बहुधा निम्म्याहून कमी असते. समजा छाप्याची शक्यता ५० ऐवजी ४४ टक्के धरली. फरक किरकोळ वाटतो. पण सलग पंधराची शक्यता आता ३२,७६८ मध्ये एक राहत नाही, सुमारे २ लाख २३ हजारांत एक होते. तोच चाळीस वर्षांचा हिशोब तीन हजार माणसांसाठी पुन्हा केला तर ७१ टक्क्यांचे १८ टक्के होतात. सहा टक्क्यांच्या फरकानं निकाल ‘बहुधा घडलंच असतं’वरून ‘बहुधा नसतं घडलं’वर येतो. याच कारणानं मिलरच्या बाजूनं बोलणारे आणि विरुद्ध बोलणारे, दोघंही प्रामाणिकपणे गणित करून वेगवेगळ्या उत्तरांवर पोहोचले.

मिलर स्वतः मात्र जमिनीवर होता. वर्ष डिसेंबरमध्ये संपतं म्हणून ही मालिका दिसते, असं त्यानं गुंतवणूकदारांना सांगितलं होतं. वर्ष दुसऱ्या एखाद्या महिन्यात संपलं असतं, तर मधली काही बारा महिन्यांची वर्षं निर्देशांकाच्या मागे पडली असती आणि मालिका तुटली असती. ही बारीक गोष्ट वाटते, पण आहे मोठी. फंडाची कामगिरी तीच, पैसे तेच. फक्त कॅलेंडर वेगळ्या जागी कापलं की ‘पंधरा वर्षांचा विक्रम’ नाहीसा होतो.

पुढे काय झालं ते बघू. २००६ मध्ये फंडानं सुमारे ६ टक्के दिले. निर्देशांकानं जवळपास १६. मालिका संपली. २००७ मध्ये फंड सुमारे ७ टक्के पडला, निर्देशांक साडेपाच टक्के वाढला. त्या सुमाराला अमेरिकेत घरकर्जांचं संकट आलं आणि बँका, विमा कंपन्या कोसळू लागल्या. मिलरनं तेच केलं जे नव्वदमध्ये केलं होतं. पडलेले वित्तीय शेअर तो घेत गेला. बेअर स्टर्न्स, एआयजी, फ्रेडी मॅक अशी नावं त्याच्या फंडात होती. पण या वेळी त्या कंपन्या सावरल्या नाहीत. काही बुडाल्या, काही सरकारच्या ताब्यात गेल्या, काही कवडीमोलानं विकल्या गेल्या. २००८ मध्ये निर्देशांक ३७ टक्के पडला, आणि व्हॅल्यू ट्रस्ट ५५ टक्के.

या तीन वर्षांचा हिशोब शंभर डॉलरवर करू. विक्रम पूर्ण झाल्याची बातमी वाचून कुणी जानेवारी २००६ मध्ये या फंडात १०० डॉलर टाकले असतील, तर ते आधी १०६ झाले, मग साधारण ९९, आणि २००८ च्या शेवटी ४४. हेच १०० निर्देशांकात असते तर ११६, मग १२२ आणि शेवटी ७७. बाजार पडला म्हणून दोघांचंही नुकसान झालं. पण उरलेल्या ७७ आणि ४४ मधला फरक त्या विक्रमावर विश्वास ठेवल्याचा. शिवाय मालिका सुरू झाली तेव्हा फंड लहान होता. बहुतेक पैसा नाव झाल्यावर आला. म्हणून पंधरा विजयी वर्षांचा पूर्ण लाभ थोड्या लोकांना मिळाला आणि २००८ चा फटका पुष्कळांना बसला. एका वर्षात फंडातली रक्कम १६ अब्ज डॉलरवरून साडेचार अब्जांच्याही खाली आली, काही भाव पडल्यानं आणि काही लोकांनी पैसे काढून घेतल्यानं. २०१२ मध्ये मिलरनं हा फंड सोडला.

२००८ नं मिलर अडाणी ठरत नाही, जसा २००५ नं तो जादूगार ठरला नव्हता. एका पद्धतीनं अनेक वर्षं साथ दिली आणि एका वेगळ्या प्रकारच्या संकटात तीच उलटली. आपल्यासाठी धडा दुसरा आहे. पंधरा वर्षांचा निर्दोष विक्रम हातात असूनही ‘कौशल्य की नशीब’ याचा निकाल लागला नाही. मग पाच वर्षांच्या यादीवरून तो कसा लागेल?

किती वर्षं बघितली म्हणजे खात्री पटेल, हेही मोजता येतं. समजा एका मॅनेजरला खरंच कळतं, आणि त्याचा फंड सरासरीनं बाजारापेक्षा वर्षाला २ टक्के जास्त देतो. हे उत्तम कौशल्य झालं. पण दरवर्षी बरोबर दोनच टक्के येत नाहीत. एका वर्षी आठ टक्के पुढे, दुसऱ्या वर्षी चार टक्के मागे, असं चालतं. ही वरखाली होण्याची नेहमीची मर्यादा सुमारे ६ टक्के धरू. मोजक्या शेअरांचा फंड चालवणाऱ्याच्या बाबतीत हे अगदी शक्य आहे. आता अनेक वर्षांची सरासरी काढली की ही गडबड कमी होते, पण वर्षांच्या प्रमाणात नाही, तर त्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. पाच वर्षांच्या सरासरीत ६ भागिले ५ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.७ टक्क्यांची गडबड उरते. आपण शोधत होतो ते कौशल्य दोन टक्क्यांचं, आणि मोजपट्टीच २.७ टक्क्यांनी हलते आहे! नऊ वर्षांनी गडबड दोन टक्क्यांवर येते, म्हणजे कौशल्याइतकीच. ती कौशल्याच्या निम्मी व्हावी, जेणेकरून संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीला मॅनेजर उतरेल, यासाठी ३६ वर्षं लागतात. छत्तीस. तेवढ्यात मॅनेजर निवृत्त झालेला असतो आणि बहुधा आपणही.

याच आकड्यांतून पाच वर्षांच्या यादीबद्दल दोन गोष्टी निघतात. ज्याच्याकडे शून्य कौशल्य आहे, असा फंडही पाच वर्षं बाजाराच्या सरासरी २.७ टक्के पुढे राहण्याची शक्यता सहांत एक आहे. साठ साधारण फंड असतील तर दहा जण केवळ नशिबानं चमकतील, आणि यादीच्या माथ्यावर तेच दिसतील. उलट, खरोखर दोन टक्क्यांचं कौशल्य असलेला माणूस पाच वर्षांअखेर बाजाराच्या मागे असण्याची शक्यता जवळपास चारांत एक. त्याचे गुंतवणूकदार वैतागून बाहेर पडतील, नेमके चुकीच्या वेळी.

हे कागदावरचं गणित प्रत्यक्षातही दिसतं. मार्क कारहार्ट यांनी १९६२ ते १९९३ या काळातले १,८९२ अमेरिकन फंड तपासले, आणि बंद पडलेले फंडही त्यांनी गाळले नाहीत. मागच्या वर्षी वर असलेले फंड पुढच्या वर्षीही थोडे पुढे राहतात, असं दिसलं. पण कारण बघितलं तर मॅनेजरची निवड नव्हती. त्यांच्या हातात आधीच चढलेले शेअर होते, आणि चढते शेअर काही महिने चढत राहण्याकडे कलतात. त्यानंतर लाभ विरतो. खरं सातत्य सापडलं ते दुसऱ्या टोकाला: वाईट फंड वर्षानुवर्षं वाईटच राहत होते. यशाला खात्री नाही, पण जास्त खर्चाला आणि सततच्या खरेदी-विक्रीला आहे. ते दरवर्षी वजा होतातच.

मग बाजाराला वर्षानुवर्षं हरवलंय असं कुणीच नाही का? आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. सगळ्यांत भक्कम उदाहरण गणितज्ञ जिम सायमन्स यांच्या रेनेसाँ टेक्नॉलॉजीज कंपनीच्या ‘मेडॅलियन’ फंडाचं. १९८८ पासून तीस वर्षं या फंडानं फी कापण्याआधी वर्षाला सरासरी ६६ टक्के आणि फी कापल्यावर ३९ टक्के कमावल्याचं ग्रेगरी झुकरमन यांनी त्यांच्यावरच्या पुस्तकात नोंदवलं आहे. इथे नाण्याचा मुद्दा चालत नाही. हा फंड वर्षातून एकच पैज लावत नव्हता. संगणकावर अगदी छोट्या मुदतीच्या असंख्य पैजा लावत होता. एका पैजेत जिंकण्याची शक्यता निम्म्याहून जराशी जास्त असली तरी पैजा लाखो असतील तर सरासरीतली गडबड जवळपास उरत नाही. जी खात्री मिलरच्या बाबतीत छत्तीस वर्षांनी आली असती, ती यांना फार लवकर आली. म्हणजे बाजार पूर्ण कार्यक्षम नाही, याचा हा पुरावा आहे.

पण पुढचा प्रश्न विचारा: हा नफा कुणाला मिळाला? मेडॅलियन १९९३ मध्येच बाहेरच्या नव्या पैशाला बंद झाला, आणि २००५ पर्यंत उरलेल्या बाहेरच्या गुंतवणूकदारांना त्यांचे पैसे परत दिले गेले. आता त्यात मुख्यतः कंपनीतलीच माणसं आहेत. फंडाचा आकारही मुद्दाम १० अब्ज डॉलरच्या आसपास ठेवतात, कारण त्यांना सापडणाऱ्या चुका लहान असतात. मोठी रक्कम आत गेली की स्वतःच्याच खरेदीनं भाव हलतो आणि ती चूक संपते. त्याच कंपनीनं बाहेरच्यांसाठी दुसरे, मोठे फंड काढले. २०२० मध्ये मेडॅलियननं सुमारे ७६ टक्के कमावले आणि त्याच वर्षी बाहेरच्यांसाठीचा मोठा शेअर फंड सुमारे २० टक्के घसरला. छत एक, शास्त्रज्ञ तेच, पण बाहेरच्या माणसाच्या वाट्याला वेगळंच आलं.

जोनाथन बर्क आणि रिचर्ड ग्रीन यांनी २००४ मध्ये हेच सर्वसाधारण रूपात मांडलं. समजा एखाद्या मॅनेजरकडे खरंच कौशल्य आहे. लोकांना ते कळतं, पैसा धावत येतो, फंड फुगतो. मोठ्या फंडाला छोट्या संधी पुरत नाहीत, म्हणून जास्तीचा परतावा घटत जातो. पैसा येणं केव्हा थांबतं? तो फंड खर्च वजा जाता इतरांसारखाच झाला की. म्हणजे कौशल्य खरं आहे, पण त्याची किंमत मॅनेजर आणि कंपनी फीच्या रूपानं वसूल करतात. हे कांद्यासारखंच झालं. चांगल्या मालाची बातमी फुटली की भाव चढतो, आणि चांगला मॅनेजर हाही मालच आहे.

आता आपल्याकडे येऊ. इथला बाजार अमेरिकेची हुबेहूब प्रत नाही. आपल्याकडे म्युच्युअल फंड म्हणजे संपूर्ण बाजार नव्हे. समोर प्रवर्तक आहेत, परदेशी संस्था आहेत आणि टिपवर शेअर घेणारे लाखो लोक आहेत. बाजाराच्या पुढे जाणारा प्रत्येक रुपया दुसऱ्या कुणाच्या तरी मागे पडलेल्या रुपयातून येतो. समोर कच्चे खेळाडू जास्त असतील, तर फंडांना एकत्रितपणेही पुढे राहता येतं. छोट्या कंपन्यांवर नजर ठेवणारे विश्लेषक कमी, म्हणून तिथे अभ्यासाला वाव जास्त. मोठ्या शंभर कंपन्यांवर मात्र सगळ्यांचीच नजर असते, आणि एस अँड पी दर सहा महिन्यांनी जी तुलना प्रसिद्ध करते, तिच्यात मोठ्या कंपन्यांचे बहुतेक सक्रिय फंड लांबच्या मुदतीत निर्देशांकाच्या मागे राहिलेले दिसतात.

एक भारतीय तपशील तर मुद्दाम लक्षात ठेवावा असा. फेब्रुवारी २०१८ पर्यंत आपल्याकडचे फंड स्वतःची तुलना निर्देशांकाच्या नुसत्या भावाशी करू शकत. त्या निर्देशांकातल्या कंपन्या लाभांश देतात, तो त्यात मोजलेला नसे. फंडाला मात्र लाभांश मिळतच होता. म्हणजे दरवर्षी साधारण एक ते दीड टक्क्याची आघाडी मॅनेजरला काहीही न करता फुकट मिळत होती. सेबीनं लाभांशासह निर्देशांकाशी, म्हणजे टीआरआयशी, तुलना सक्तीची केली आणि ती आघाडी गेली. जुन्या जाहिरातींतले ‘बाजाराला हरवलं’ हे दावे वाचताना ही गोष्ट आठवा.

या सगळ्यात एकच आकडा आधीपासून नक्की माहीत असतो: खर्च. समजा बाजारानं वीस वर्षं १२ टक्के दिले. एक लाख रुपये ०.२ टक्के खर्चाच्या इंडेक्स फंडात असतील तर हाती ११.८ टक्क्यानं सुमारे ९ लाख ३१ हजार येतील. १.७ टक्के खर्चाच्या सक्रिय फंडाच्या मॅनेजरला बाजाराइतकंच जमलं, तर १०.३ टक्क्यानं ७ लाख १० हजार. सव्वादोन लाखांच्या आसपास फरक, आणि यात कुणाचीही चूक नाही. त्या मॅनेजरला नुसती बरोबरी साधायला दरवर्षी दीड टक्क्याचं खरं कौशल्य दाखवावं लागेल, वीस वर्षं.

म्हणून यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, तुलना कशाशी केली आहे: टीआरआयशी का, आणि फंड ज्या प्रकारच्या कंपन्या घेतो त्याच प्रकारच्या निर्देशांकाशी का? मिडकॅप घेऊन निफ्टी ५० ला हरवणं म्हणजे जास्त जोखीम घेणं, हुशारी नव्हे. दुसरी, यादीत कोण नाही: पाच वर्षांपूर्वी जे फंड होते, त्यांतले किती बंद झाले किंवा दुसऱ्यात विलीन झाले? हरलेले यादीतून गळतात, म्हणून उरलेल्यांची सरासरी आहे त्यापेक्षा चांगली दिसते. तिसरी, तो विक्रम करताना फंड केवढा होता आणि आज केवढा आहे, मॅनेजर तोच आहे का, आणि खर्च किती आहे?

या तिन्हींची उत्तरं चांगली आली तरी मॅनेजरच्या कौशल्याचा पुरावा मिळाला असं होत नाही, त्याला छत्तीस वर्षं लागतात हे आपण पाहिलं. फक्त फसवी कारणं बाजूला होतात. एवढी तपासणी करायची नसेल, तर मोठ्या कंपन्यांपुरता कमी खर्चाचा इंडेक्स फंड घेऊन यादी बंद केलेली बरी. आणि सक्रिय फंड घ्यायचाच असेल, तर तो दोन-तीन वर्षं मागे पडला म्हणून सोडायचा नाही, हे घेतानाच ठरवून ठेवा. कौशल्य असलेल्या फंडालाही तशी वर्षं येतातच.